‘फ्यू डाउट्स’ म्हणजे नेमक्या किती शंका? मच-मेनी, लेस-फ्युअर आणि फ्यू-अ फ्यू छोट्या वाक्यांत बिनचूक वापरण्याची पद्धत

ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं, “आय हॅव फ्यू क्वेश्चन्स.” लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, “माझे काही प्रश्न आहेत, वेळ द्या.” वाक्याचा खरा अर्थ मात्र होतो, “माझे फारसे प्रश्नच नाहीत.” एक ‘अ’ गळला आणि निरोप उलटा झाला. मोठ्या परिच्छेदात अशी चूक मागच्या-पुढच्या वाक्यांमुळे सावरली जाते. चार शब्दांच्या वाक्यात सावरायला आजूबाजूला काहीच नसतं. म्हणून हा लेख फक्त छोट्या वाक्यांपुरता आहे: मेसेज, रिपोर्टमधली एखादी ओळ, नोटीस, तोंडी उत्तर.

इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा. यातल्या बऱ्याच चुका डोळ्यांआधी कानाला कळतात.

## तयारी: आधी मराठी वाक्य नीट करा

बहुतेक गोंधळ मराठीतल्या तीन शब्दांपासून सुरू होतो: ‘खूप’, ‘कमी’ आणि ‘थोडे’. मराठीत खूप पाणी चालतं आणि खूप माणसंही चालतात. कमी साखर, कमी खुर्च्या. थोडं दूध, थोडी मुलं. मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या वस्तूंसाठी आपण शब्द बदलत नाही, इंग्रजी बदलते. त्यामुळे डोक्यातल्या मराठी शब्दावर थेट इंग्रजी शब्द चिकटवला की निम्म्या वेळा तो चुकीचा बसतो.

वाक्य इंग्रजीत नेण्याआधी मराठीतच दोन गोष्टी पक्क्या करा.

पहिली म्हणजे, कशाबद्दल बोलतोय ते नाम कोणतं? त्याखाली रेघ ओढा. “आज वर्गात कमी मुलं आली” यात नाम आहे ‘मुलं’.

दुसरी म्हणजे, ‘कमी’ किंवा ‘थोडे’ याचा तुम्हाला अभिप्रेत अर्थ कोणता? कालपेक्षा कमी? अपेक्षेपेक्षा कमी, म्हणजे जवळजवळ नाहीतच? की नुसती ‘काही’? मराठीत बोलताना हे सुरावरून कळतं, इंग्रजीत त्यासाठी वेगवेगळे शब्द निवडावे लागतात.

थांबा: ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. नियम पाठ असूनही चुकणारे लोक मी पाहिले आहेत. ते हीच पायरी गाळतात.

## टप्पा १: नाम मोजता येतं का, हे इंग्रजीला विचारा

मोजता येणं हा वस्तूचा गुण नाही, त्या भाषेतल्या शब्दाचा गुण आहे. ‘केस’ आपण मोजतो, विंचरतो, ते गळतात, सगळं अनेकवचनात. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘हेअर’, एकवचनी आणि न मोजता येणारे. ‘बातम्या’ आपण मोजतो. ‘न्यूज’ मोजता येत नाही, शेवटी ‘स’ ऐकू आला तरी. ‘सल्ले’ दहा मिळतात. ‘ॲडव्हाइस’ला अनेकवचनच नाही. ‘गहू महाग झाले’ असं आपण सहज म्हणतो, पण ‘व्हीट’ आणि ‘राइस’ इंग्रजीत ढीग म्हणूनच राहतात. उलट बाजूही आहे. मंडईतून आपण ‘भाजी’ आणतो, एकवचनी. इंग्रजीत त्या ‘व्हेजिटेबल्स’, मोजता येणाऱ्या.

कसोटी सोपी आहे. इंग्रजी शब्दाआधी थेट ‘थ्री’ लावून पाहा. ‘थ्री चेअर्स’ बसतं. ‘थ्री फर्निचर’ किंवा ‘थ्री फर्निचर्स’ बसत नाही. म्हणून खुर्ची मोजता येते आणि फर्निचर मोजता येत नाही, जरी ते खुर्च्यांचंच बनलेलं असलं तरी.

आपल्याकडे हमखास फसवणारे शब्द हे: इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, ॲडव्हाइस, न्यूज, होमवर्क, इक्विपमेंट, ट्रॅफिक, स्टेशनरी, हेअर, ब्रेड. यांना शेवटी ‘स’ लावून ‘इन्फर्मेशन्स’, ‘इक्विपमेंट्स’ करू नका. ‘पीपल’ याच्या नेमका उलट आहे. शेवटी ‘स’ नाही, तरी तो शब्द अनेकवचनी आहे आणि मोजता येतो.

काही शब्दांना दोन तोंडं असतात. ‘टाइम’ म्हणजे वेळ, तो मोजता येत नाही. ‘टाइम्स’ म्हणजे किती वेळा, ते मोजता येतं. ‘रूम’ म्हणजे जागा आणि ‘रूम’ म्हणजे खोलीसुद्धा. सगळ्यात महागात पडतो तो ‘एक्सपिरियन्स’. नोकरीच्या अर्जात ‘मेनी एक्सपिरियन्सेस’ लिहिलं की कामाचा अनुभव राहतो बाजूला, तुम्हाला आयुष्यात बरेच किस्से घडले आहेत असं वाटतं. कामाचा अनुभव हा न मोजता येणारा.

तपासणी: शंका असेल तर शिकणाऱ्यांसाठी केलेल्या शब्दकोशात तो शब्द उघडा. अर्थाच्या शेजारी `[C]` असेल तर मोजता येतो, `[U]` असेल तर नाही. दोन्ही दिसले तर तुमचा अर्थ ज्या क्रमांकाखाली आहे, तिथलं अक्षर पाहा. नुसतं पहिलं अक्षर बघून बंद करू नका.

## टप्पा २: ‘खूप’ आणि ‘फारसं’: मच की मेनी?

नियम सगळ्यांना येतो: मोजता येणाऱ्याला मेनी, न येणाऱ्याला मच. तरीही “आय हॅव मच वर्क टुडे” हे वाक्य रोज लिहिलं जातं. ‘वर्क’ मोजता येत नाही, म्हणजे ‘मच’ नियमाप्रमाणे बरोबर. मग वाक्य कानाला का टोचतं?

कारण मच म्हणजे ‘खूप’ नव्हे, ‘फारसं’. मराठीत “आज फारसं काम नाही” हे सहज वाक्य आहे. पण “आज फारसं काम आहे” असं म्हणून पाहा. जीभ अडखळते. ‘फारसं’ला नकार लागतो. मचचंही साधारण तसंच आहे. ते नकारात आणि प्रश्नात मोकळेपणाने येतं: “आय डोन्ट हॅव मच वर्क टुडे”, “इज देअर मच ट्रॅफिक?” साध्या होकारी वाक्यात मात्र ‘अ लॉट ऑफ’ घ्या: “आय हॅव अ लॉट ऑफ वर्क टुडे.”

मला विचाराल तर मच-मेनीच्या सगळ्या नियमांत हा एक सगळ्यात कामाचा आहे, आणि शाळेत तो क्वचितच सांगितला जातो.

मेनी इतकं हट्टी नाही. “मेनी पीपल नो धिस” हे होकारी वाक्य पूर्ण चालतं, जरासं लेखी वाटतं इतकंच. बोलण्यात तिथेही ‘अ लॉट ऑफ’ जास्त ऐकू येतं. ‘अ लॉट ऑफ’ची गंमत अशी की ते दोन्ही प्रकारच्या नामांना चालतं, त्यामुळे नाम मोजता येतं की नाही हे आठवलं नाही तर होकारी वाक्यात ते सुरक्षित.

मचआधी ‘टू’, ‘सो’ किंवा ‘ॲज’ आलं की नकाराची अट सुटते: “देअर इज टू मच नॉइज”, “सो मच वर्क”. पण नामाची अट सुटत नाही. ‘टू मच’ आपल्या मराठी बोलण्यात इतकं रुळलंय की ‘टू मच पीपल’ तोंडातून निसटतं. तिथे ‘टू मेनी पीपल’च हवं. तसंच ‘मोअर’च्या आधी: पाण्यासाठी ‘मच मोअर वॉटर’, माणसांसाठी ‘मेनी मोअर पीपल’.

सावधान: किंमत विचारताना नाम मोजता येत असलं तरी मच येतं. “हाऊ मच आर द मँगोज?” म्हणजे आंबे कसे दिले. “हाऊ मेनी मँगोज?” असं विचारलंत तर आंबेवाला भाव सांगणार नाही, आंबे मोजायला घेईल. पहिल्या वाक्यात ‘मच’ आंब्यांसाठी नाही, न उच्चारलेल्या पैशांसाठी आहे.

तपासणी: तुटक उत्तर देताना प्रश्नातलं नाम आठवा. “हाऊ मेनी पीपल केम?” याचं उत्तर “नॉट मेनी”. “हाऊ मच मिल्क इज लेफ्ट?” याचं “नॉट मच”. सवयीने सगळीकडे “नॉट मच” निघतं, ते आवरा.

## टप्पा ३: ‘कमी’: लेस, फ्युअर, की दोन्ही नाहीत?

‘जास्त’साठी इंग्रजीत एकच शब्द आहे, मोअर: मोअर वॉटर, मोअर चेअर्स. ‘कमी’साठी मात्र दोन. न मोजता येणाऱ्याला लेस, मोजता येणाऱ्या अनेकवचनाला फ्युअर: लेस वॉटर, फ्युअर चेअर्स. मोअरची सवय लागल्यामुळे आपण कमीच्या बाजूलाही एकट्या लेसवर भागवतो. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही बोलताना ‘लेस पीपल’ म्हणतात, हे खरं आहे. पण लेखी कामात आणि परीक्षेत ‘फ्युअर पीपल’च लिहा.

इथवर सोपं आहे. मराठी माणसाची खरी अडचण वेगळी आहे. लेस आणि फ्युअर फक्त तुलनेसाठी आहेत. “आमटीत मीठ कमी आहे” या वाक्यात तुलना नाही, तक्रार आहे. त्याचं “द सॉल्ट इज लेस” केलं की ऐकणारा मनात विचारतो, कशापेक्षा? तिथे म्हणायचं “देअर इजन्ट इनफ सॉल्ट.” तसंच “वेळ कमी आहे” म्हणजे “टाइम इज लेस” नव्हे, तर “वी डोन्ट हॅव मच टाइम.”

म्हणून ‘कमी’ आला की आधी त्याच्यामागे ‘-पेक्षा’ लावून पाहा. “कालपेक्षा कमी मुलं आली” असं म्हणायचं असेल तर फ्युअर. “कमी मुलं आली” याचा अर्थ “फारशी आली नाहीत” असेल तर “नॉट मेनी चिल्ड्रन केम.” “पुरेशी आली नाहीत” असा असेल तर ‘इनफ’. मराठी एकाच शब्दावर तीन कामं उरकते, तुम्हाला ती वेगळी करायची आहेत.

आता उलटी चूक. फ्युअर नव्याने शिकलेला माणूस ते सगळीकडे लावतो: ‘फ्युअर दॅन टेन मिनिट्स’, ‘फ्युअर दॅन फाइव्ह किलोमीटर्स’. मिनिटं मोजता येतात, मग चुकलं कुठे? इथे आपण सुटी मिनिटं मोजत नाही, वेळेचा एक तुकडा मोजतो. वेळ, अंतर, वजन आणि पैसे आकड्यात आले की सहसा लेस: ‘लेस दॅन टेन मिनिट्स’, ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’, ‘लेस दॅन टू हंड्रेड रुपीज’.

तपासणी: त्या आकड्यामागे ‘इज’ लावून पाहा. “टेन मिनिट्स इज इनफ” हे नैसर्गिक वाटतं, म्हणजे तो एकच तुकडा आहे, लेस घ्या. “टेन चेअर्स आर ब्रोकन” याला ‘आर’ लागतं, म्हणजे सुट्या वस्तू आहेत, फ्युअर घ्या.

मध्येच अडकलात तर वाक्य वळवा. ब्रिटनमधल्या टेस्को या दुकान-साखळीत झटपट बिलाच्या रांगेवर ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशी पाटी असे. लेस की फ्युअर यावर लोकांनी बराच वाद घातला. 2008 मध्ये त्यांनी पाटीच बदलायची ठरवली: ‘अप टू टेन आयटम्स’. दोन्ही शब्द गेले आणि वादही गेला. नोटीस लिहिताना ही युक्ती बिनधास्त वापरा.

सावधान: ‘लेसर’ हा लेसचा मोठा भाऊ नाही. ‘लेसर मार्क्स’, ‘लेसर पीपल’ आपल्याकडे फार ऐकू येतं. लेसर म्हणजे महत्त्वाने किंवा दर्जाने कमी. ‘लेसर पीपल केम’ याचा अर्थ हलक्या योग्यतेचे लोक आले असा होतो. कमी गुण म्हणजे ‘फ्युअर मार्क्स’, कमी माणसं म्हणजे ‘फ्युअर पीपल’.

## टप्पा ४: फ्यू की अ फ्यू: मराठीतल्या ‘च’ची कसोटी

दोन्हींमध्ये संख्या सारखीच असू शकते. फरक आहे तो बोलणाऱ्याच्या नजरेत. सभेला पाच माणसं आली. “अ फ्यू पीपल केम” म्हणजे काही माणसं आली, बरं झालं. “फ्यू पीपल केम” म्हणजे मोजकीच आली, कुणी फिरकलं नाही.

मराठीत हा फरक आपण ‘च’ने करतो. “थोडी माणसं आली” आणि “थोडीच माणसं आली” ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. ‘च’ आला की नजर नसलेल्यांकडे जाते. म्हणून ‘थोडीच’, ‘मोजकीच’ असेल तर फ्यू. ‘काही’, ‘थोडीशी’, ‘चार-दोन’ असेल तर अ फ्यू. आपल्या भाषेत ‘अ’सारखा शब्द नाही, म्हणून लिहिताना तो क्षुल्लक वाटतो आणि गळतो. इथे तो क्षुल्लक नाही, वाक्याचा होकार त्याच्यावर उभा आहे.

तपासणी: लिहिलेल्या शब्दाच्या जागी ‘सम’ ठेवून पाहा. अर्थ टिकला तर अ फ्यू. ‘नॉट मेनी’ ठेवल्यावर टिकला तर फ्यू. “आय हॅव सम क्वेश्चन्स” हेच म्हणायचं होतं ना? मग ‘अ’ लिहा.

न मोजता येणाऱ्या नामांना हाच फरक ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ने होतो. “देअर इज अ लिटल मिल्क” म्हणजे थोडं दूध आहे, चहा होईल. “देअर इज लिटल मिल्क” म्हणजे थोडंच आहे, होणार नाही.

तीन जोडशब्द लक्षात ठेवा, कारण ते या कसोटीला चकवतात. ‘ओन्ली अ फ्यू’ म्हणजे मोजकेच. ‘अ’ असूनही सूर नकाराचा, कारण ‘ओन्ली’ हाच तिथला ‘च’ आहे. ‘ओन्ली फ्यू’ असं लिहू नका. ‘व्हेरी फ्यू’ म्हणजे अगदी मोजकेच, आणि तिथे ‘अ’ येत नाही. ‘क्वाइट अ फ्यू’ सगळ्यात फसवं: त्याचा अर्थ थोडे नाही, बरेच. “क्वाइट अ फ्यू पीपल कम्प्लेन्ड” असा मेल आला तर दुर्लक्ष करू नका, बऱ्याच जणांनी तक्रार केली आहे.

बोलताना नुसतं फ्यू जरा पुस्तकी वाटतं. छोट्या वाक्यात मी तरी “नॉट मेनी पीपल केम” पसंत करते. अर्थ तोच आणि ‘अ’ गळण्याची भीतीच नाही.

## टप्पा ५: एक मेसेज आरपार

समजा, कंपनीच्या हॉलमध्ये प्रशिक्षण झालं आणि व्यवस्था पाहणाऱ्याने संध्याकाळी साहेबांना पाच ओळी पाठवल्या. डोक्यातली मराठी अशी होती: आज कमी लोक आले. काही खुर्च्या मोडल्या आहेत. चहाला दूध कमी पडलं. खूप स्टेशनरी शिल्लक आहे. शेवटचं सत्र एका तासापेक्षा कमी झालं.

पाठवलं हे:

1. “टुडे लेस पीपल केम.”
2. “फ्यू चेअर्स आर ब्रोकन.”
3. “मिल्क वॉज लेस फॉर टी.”
4. “मच स्टेशनरी इज लेफ्ट.”
5. “लास्ट सेशन वॉज फ्युअर दॅन वन अवर.”

एकेक ओळ टप्प्यांतून काढू.

पहिली ओळ: नाम ‘पीपल’, मोजता येतं, म्हणून लेस बाद. पण लगेच फ्युअर लिहू नका, आधी ‘-पेक्षा’ लावा. कालच्या तुलनेत असेल तर “फ्युअर पीपल केम टुडे.” नुसतीच गर्दी नव्हती असं म्हणायचं असेल तर “नॉट मेनी पीपल केम टुडे.” साहेबांना कालचा आकडा माहीत नसेल तर दुसरं वाक्य बरं.

दुसरी ओळ सगळ्यात घातक, कारण तिच्यात व्याकरणाची चूकच नाही. अर्थ होतो “मोडलेल्या खुर्च्या फारशा नाहीत”, म्हणजे साहेब निश्चिंत आणि दुरुस्ती राहिली. ‘सम’ ठेवून पाहिलं तर अर्थ टिकतो. हवं होतं “अ फ्यू चेअर्स आर ब्रोकन.” आकडा ठाऊक असेल तर “फोर चेअर्स आर ब्रोकन” याहून उत्तम काही नाही.

तिसऱ्या ओळीत तुलना नाही, तुटवडा आहे. “देअर वॉजन्ट इनफ मिल्क फॉर टी.”

चौथ्या ओळीत ‘स्टेशनरी’ मोजता येत नाही, त्यामुळे मचची निवड नामाच्या हिशेबाने बरोबर. पण वाक्य होकारी आहे. “फारशी स्टेशनरी शिल्लक आहे” असं आपण म्हणणार नाही, तसंच हे. “अ लॉट ऑफ स्टेशनरी इज लेफ्ट.”

पाचवीत तासाचा तुकडा मोजला आहे. “वन अवर इज इनफ” म्हणता येतं, म्हणून “द लास्ट सेशन वॉज लेस दॅन ॲन अवर.” कुणीतरी फ्युअरचा नियम नुकताच शिकवलेला असावा, असं ही ओळ वाचून वाटतं.

## पाठवण्याआधीची नजर

मेसेज टाइप झाला की फक्त चार शब्द शोधा: मच, लेस, फ्युअर आणि फ्यू. मच दिसलं तर वाक्यात नकार, प्रश्न किंवा आधी ‘टू-सो-ॲज’ आहे का ते पाहा. लेस किंवा फ्युअर दिसलं तर कशापेक्षा, याचं उत्तर तुमच्याकडे आहे का? फ्यू दिसलं तर त्याच्या डावीकडे बोट ठेवा आणि विचारा, इथे ‘च’ म्हणायचं होतं का? नसेल तर ‘अ’ टाका आणि मगच पाठवा.